सूचना लावली, तरी सेक्रेटरींना फोन येतच राहतात: ‘करण्यात येईल’ची दुरुस्ती

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये असो, ऐरोली-कोपरखैरण्याच्या जुन्या इमारतींत असो, हे दुखणे सगळीकडे सारखेच दिसते. पाणी बंद राहणार असल्याची सूचना लिफ्टमध्ये लागते, व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते, आणि पंधरा मिनिटांत पहिला प्रश्न येतो: “म्हणजे नक्की काय करायचंय?” सूचना शुद्ध असते, वाक्येही व्याकरणात बसतात. तरी कोणी काय करायचे हे तिच्यातून कळत नाही. ही पोस्ट सोसायटीच्या सूचना, पत्रे आणि इतिवृत्ते लिहिणाऱ्यांसाठी आहे.

लक्षणे

पुढच्यापैकी दोन लक्षणे दिसली तरी खालच्या तपासण्या करून पाहाव्यात.

सूचनेतली बहुतेक वाक्ये ‘करण्यात येईल’, ‘घेण्यात यावी’, ‘करणेत आले’ अशी संपतात. मुख्य काम क्रियापदात नसून एखाद्या जड नामात दडलेले असते: अंमलबजावणी, कार्यवाही, पूर्तता, पडताळणी, निराकरण, नियोजन. क्रियापदाच्या वाट्याला फक्त ‘करणे’, ‘होणे’ किंवा ‘येणे’ उरते. एकाच वाक्यात तीन-चार ‘च्या’ ओळीने येतात. आणि सर्वांत खात्रीचे लक्षण कागदावर दिसत नाही: सूचना वाचलेली माणसे तोच प्रश्न विचारतात ज्याचे उत्तर सूचनेत आहे असे लिहिणाऱ्याला वाटते, किंवा काम राहून जाते आणि प्रत्येकाला ते दुसऱ्याचे होते असे वाटत असते.

तपासणीसाठी एक नमुना घेऊ. अशी सूचना जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या फलकावर कधी ना कधी लागलेली असते.

> सर्व सदनिकाधारकांना कळविण्यात येते की, संस्थेच्या भूमिगत व गच्चीवरील पाण्याच्या टाक्यांच्या स्वच्छतेच्या कामाची अंमलबजावणी मंगळवार दि. १० जून रोजी करण्यात येणार असल्याने पाणीपुरवठ्यात व्यत्यय येण्याची शक्यता आहे. तरी पाण्याच्या पुरेशा साठवणुकीबाबत सर्वांकडून दक्षता घेण्यात यावी. तसेच टाक्या भरल्यानंतर पाण्याच्या गुणवत्तेची पडताळणी झाल्याशिवाय त्याचा पिण्यासाठी वापर टाळण्यात यावा.

पहिली तपासणी: ‘ण्यात’ शोधा (एक मिनिट)

मजकूर वर्ड किंवा गूगल डॉक्समध्ये घ्या, Ctrl+F दाबा आणि `ण्यात` शोधा. जुन्या सरकारी वळणाने लिहिणारे ‘करणेत येईल’ लिहितात, म्हणून `णेत` हेही शोधा. वरच्या सूचनेत ‘ण्यात’ चार ठिकाणी सापडतो: कळविण्यात येते, करण्यात येणार, घेण्यात यावी, टाळण्यात यावा.

दोन गोष्टींनी इथे फसगत होते. पाण्याविषयीच्या सूचनेत ‘पाण्यात गाळ आहे’ असे वाक्य असेल तर शोध तिथेही थांबेल, कारण ‘पाण्यात’मध्येही तीच अक्षरे आहेत. ते सोडून द्या. दुसरे, सूचना युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली असेल तर शोधात काहीच सापडणार नाही. त्याचा अर्थ सूचना निरोगी आहे असा नव्हे. मग छापील प्रत घेऊन पेन्सिलने खुणा करा.

ही तपासणी आधी करायची, कारण ‘ण्यात येणे’ ही रचना कर्त्याशिवाय पूर्ण वाटते. ‘समिती टाकी धुऊन घेईल’ यातून ‘समिती’ काढली की वाक्य अर्धवट राहते आणि लिहिणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. ‘टाकी धुण्यात येईल’ यात कर्ता कधी नव्हताच, त्यामुळे काही राहिले आहे असे लिहिताना जाणवतही नाही.

खुणा झाल्या की लगेच शब्द बदलत सुटू नका. ‘करण्यात येईल’चे ‘केले जाईल’ करणे हा सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे. वाक्य थोडे हलके होते, पण कर्ता अजूनही गायबच असतो.

दुसरी तपासणी: प्रत्येक क्रियापदाला ‘कोण?’ विचारा (पाच मिनिटे)

आता सूचनेतल्या प्रत्येक क्रियेखाली रेघ मारा, नामात लपलेल्या क्रियांसकट, आणि समासात उत्तर लिहा. उत्तर माणसाचे किंवा पदाचे हवे: वॉचमन, ठेकेदार, खजिनदार, रहिवासी. ‘संस्था’ हे उत्तर शक्यतो स्वीकारू नका. संस्थेच्या हाताला व्हॉल्व्ह फिरवता येत नाही.

नमुन्यावर हे करून पाहू. ‘कळविण्यात येते’, कोण कळवते? सेक्रेटरी, आणि खाली त्यांची सही आहेच, त्यामुळे हे शब्द पूर्ण काढले तरी काही बिघडत नाही. ‘स्वच्छता’ कोण करणार? ठेकेदाराची माणसे. ‘व्यत्यय येण्याची शक्यता’ म्हणजे काय होणार? टाकीचा व्हॉल्व्ह बंद होणार. कोण बंद करणार? वॉचमन. किती वाजता? हे सूचनेत नाही. आणि व्हॉल्व्ह बंद होणार हे नक्की असेल तर ‘शक्यता’ हा शब्द चुकीची माहिती देतो. शक्यता वाचून निम्मी माणसे बादली भरत नाहीत.

‘साठवणुकीबाबत दक्षता’ इथे कर्ता आहे, ‘सर्वांकडून’. पण क्रिया हरवली आहे. दक्षता घ्यायची म्हणजे हाताने काय करायचे? पाणी भरून ठेवायचे. किती, आणि कधीपर्यंत?

उरली ‘पडताळणी’. पाणी कोण तपासणार? इथे समास कोरा राहतो. याकडे पाचव्या तपासणीत येऊ, कारण हा दोष भाषेने सुटणारा नाही.

तिसरी तपासणी: ‘च्या’ची माळ तोडा (पाच ते दहा मिनिटे)

‘संस्थेच्या … पाण्याच्या टाक्यांच्या स्वच्छतेच्या कामाची अंमलबजावणी’ यात चार ‘च्या’ आहेत, त्यावर एक ‘ची’. वाचणाऱ्याला शेवटच्या शब्दापर्यंत सगळे डोक्यात धरून ठेवावे लागते आणि तिथे त्याला मिळते ‘अंमलबजावणी’, जिच्यात नवे काहीच नाही.

अशी माळ शेवटाकडून सोडवायची. शेवटचे नाम झाका आणि उरलेल्याचा अर्थ बदलतो का ते पाहा. ‘अंमलबजावणी’ झाकली, ‘कामाची’ झाकली, तरी काही हरवले नाही. ‘स्वच्छता’ झाकली तर अर्थ जातो. म्हणजे खरी क्रिया तिच्यात आहे. तिचे क्रियापद करा: धुणे. ‘टाक्या’ आपोआप कर्म होतात, आणि ‘धुणार’ म्हटले की ‘कोण?’ हा प्रश्न लिहिणाऱ्यालाच पडतो.

मात्र इथे अतिरेक नको. मराठीत नाम आणि ‘करणे’ मिळून कितीतरी साधी क्रियापदे होतात: मदत करणे, चौकशी करणे, तक्रार करणे, स्वयंपाक करणे. ती मोडू नका. एक नाम आणि ‘करणे’ हे बहुधा चालते. नामावर नाम चढले आणि मग ‘करणे’ आले की समजावे, रचना बिघडली. ‘पंप दुरुस्त केला’ उत्तम. ‘पंपाची दुरुस्ती केली’ हेही ठीक. ‘पंपाच्या दुरुस्तीची कार्यवाही केली’ यात पंप खरोखर चालू झाला की फक्त फोन झाला, हेच कळत नाही, आणि वादाची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते.

चौथी तपासणी: ‘कडून’ आणि ‘मार्फत’ तपासा (दहा मिनिटे)

कर्ता आठवला की पुष्कळ जण तो जुन्याच वाक्यात खोचतात: ‘समितीकडून टाक्यांची स्वच्छता करण्यात येईल.’ ही अर्धी दुरुस्ती आहे. ‘कडून’ म्हटले की समिती कर्ता आहे, की फक्त काम करवून घेणारी आहे, हे संदिग्ध राहते. ‘मार्फत’ त्याहून घसरडे. ‘ठेकेदारामार्फत गळती काढण्यात येईल’ यात ठेकेदार आला नाही तर त्याला फोन कोणी करायचा? दोन माणसे गुंतली असतील तर दोन वाक्ये लिहा: ‘ठेकेदाराचा प्लंबर शनिवारी गळती काढेल. तो आला नाही तर खजिनदार त्याच्याशी बोलतील.’

इथे एक शंका हमखास निघते: असे थेट लिहिले तर ज्येष्ठ सभासदांना हुकूम सोडल्यासारखे वाटेल. मराठीत त्यावर तयार सोय आहे. ‘पाणी भरून ठेवण्यात यावे’ आणि ‘सर्वांनी पाणी भरून ठेवावे’ यांत आदर सारखाच आहे, तो ‘-वे’मधून येतो. ‘ण्यात या’मुळे आदर वाढत नाही, फक्त माणूस नाहीसा होतो. अगदी लहान सूचनेत ‘कृपया नळ बंद ठेवा’ इतकेही पुरते. त्यात ‘तुम्ही’ लिहिलेले नाही म्हणून ते घालण्याची गरज नाही. ‘ठेवा’ या रूपातच ते कळते.

जिथे कर्ता मुळात नसतो, तिथे ओढून आणू नका. ‘वीज गेली’, ‘दाब कमी झाला’, ‘पाणी येणार नाही’ ही धडधाकट मराठी वाक्ये आहेत. कोणी केले हे माहीत नसेल तर तसेच सांगावे: ‘पार्किंगमधल्या एका गाडीची काच फुटली आहे. कोणी फोडली ते कळलेले नाही.’ आणि कर्ता माहीत असूनही फलकावर लिहू नये अशा जागा आहेत. गळती कोणत्या फ्लॅटमधून होते किंवा कोणाचा मेंटेनन्स थकला आहे, हे त्या सभासदाला स्वतंत्र पत्राने कळवावे. त्या पत्रात मात्र कर्ता स्पष्ट हवा.

इतिवृत्ताचे गणित थोडे वेगळे. ‘सर्वानुमते ठरले’ हे तसेच राहू द्या, कारण ठरवणारी खरोखरच सगळी सभा असते, आणि ठरावाखाली सूचक व अनुमोदक यांची नावे येतात. बिघाड पुढच्या वाक्यात होतो: ‘पंपखरेदीबाबत पुढील कार्यवाही करण्याचे ठरले.’ त्याऐवजी लिहा: ‘खजिनदारांनी ३० जूनपर्यंत नव्या पंपासाठी तीन कोटेशने मागवावीत आणि समितीपुढे ठेवावीत, असे ठरले.’ पुढच्या सभेत मागचे इतिवृत्त वाचताना काम झाले की नाही हे एका वाक्यात कळेल.

पाचवी तपासणी: समास कोरा राहिला तर फोन उचला

ही सर्वांत महाग तपासणी, कारण तिला दुसऱ्या माणसाचा वेळ लागतो, कधी एक बैठकही लागते. ‘कोण?’ला उत्तर सापडत नाही तेव्हा बहुतेक वेळा शब्द चुकलेला नसतो. तो निर्णयच झालेला नसतो, आणि भाववाचक नामाने ते झाकलेले असते. ‘पडताळणी झाल्याशिवाय’ लिहिताना कोणीतरी तपासेलच असे सगळ्यांनी धरून चाललेले असते. वाक्य कितीही घासले तरी ते नाव उगवणार नाही. तोपर्यंत सूचना लावू नका.

फोनवर फक्त तीन प्रश्न विचारायचे: कोण करणार, कशाने करणार, आणि झाल्याचे कोण कळवणार. नमुन्यात समितीचे उत्तर असे आले असे धरू: पाण्याचे काम पाहणारे सदस्य क्लोरोस्कोपने पाणी तपासतील. नमुन्याच्या पाण्यात द्रावणाचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो, तो पट्टीशी जुळवून क्लोरीन किती ते वाचता येते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला असावा असे आहे, तेव्हा त्याहून कमी आले तर पाणी प्यायला हिरवा कंदील द्यायचा नाही, हेही ठरले. हा आकडा फलकावर नको. तो तपासणाऱ्या सदस्याजवळ हवा. रहिवाशांना इतकेच हवे की कोण तपासणार आणि कळणार कुठे.

आता पूर्ण सूचना अशी होते. वेळा अर्थातच आपापल्या सोसायटीच्या घालायच्या.

> मंगळवार, १० जून रोजी सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत ठेकेदाराची माणसे आपल्या खालच्या आणि गच्चीवरच्या टाक्या धुणार आहेत. वॉचमन सकाळी साडेनऊला व्हॉल्व्ह बंद करतील. त्यानंतर कोणत्याही फ्लॅटमध्ये नळाला पाणी येणार नाही. सर्वांनी सोमवारी रात्रीच दिवसभर पुरेल इतके पाणी भरून ठेवावे.
>
> महापालिकेचे पाणी संध्याकाळी ५ ला येते. टाक्या भरल्या की वॉचमन व्हॉल्व्ह उघडतील. पाण्याचे काम पाहणारे समिती सदस्य पाणी तपासतील आणि ग्रुपवर कळवतील. तोपर्यंत नळाचे पाणी धुण्याभांड्यांना वापरावे, पिऊ नये.

ही सूचना आधीपेक्षा लांब आहे, आणि तसेच असायला हवे. जड नामांनी वाचवलेली जागा माहिती गाळून वाचवलेली होती. वाक्ये मात्र लहान झाली, आणि जवळपास प्रत्येक वाक्याला एक माणूस किंवा एक वस्तू कर्ता म्हणून मिळाली.

दुरुस्ती लागू पडली का हे पाहायला ती सूचना वॉचमनच्या हातात द्या आणि विचारा: “मंगळवारी तुम्ही काय करणार?” त्यांनी साडेनऊची वेळ आणि व्हॉल्व्ह दोन्ही सांगितले तर सूचना लावा. त्यांनी “साहेब सांगतील तसं” म्हटले तर त्यांच्या वाट्याचे वाक्य पुन्हा पाहा. वॉचमन मराठी वाचत नसतील तर वाचून दाखवा. ऐकून कळले नाही तर तो मजकूर अजून जडच आहे.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

काही मजकुरांत शब्द बदलला की हक्क बदलतो. तिथे ही दुरुस्ती स्वतः करू नका.

मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे जाणारा अर्ज, सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवरचा फ्लॅट हस्तांतरित करतानाची कागदपत्रे, पुनर्विकासाचा करारनामा आणि उपविधींतल्या दुरुस्त्या वकिलाकडूनच तयार करून घ्याव्यात. ‘हस्तांतरण’, ‘अभिहस्तांतरण’, ‘ताबा’ ही नामे तिथे जड असली तरी त्यांना कायद्याने ठरवलेला अर्थ आहे. ‘घर नावावर करणे’ असे सोपे लिहिले तर वाचायला बरे वाटेल, पण कोणता हक्क कोणाकडे गेला हे त्यातून ठरत नाही.

थकबाकी वसुलीचेही तसेच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखल्यासाठी निबंधकांकडे जायचे असेल, तर त्याआधीच्या मागणी नोटिशीचा मसुदा वकिलाला किंवा सहकार कायदा जाणणाऱ्या सल्लागाराला दाखवावा. ती नोटीस पुढे पुरावा म्हणून वाचली जाते. आपल्या हाती इतकेच ठेवावे की नोटिशीसोबत सभासदाला एक साधे पत्र द्यायचे: ‘तुमच्याकडून इतके रुपये येणे आहेत. ते अमुक तारखेपर्यंत भरावेत. हिशेब पाहायचा असेल तर खजिनदार रविवारी सकाळी कार्यालयात भेटतील.’ हे पत्रही नोटिशीबरोबर वकिलाला दाखवून घ्यावे, म्हणजे दोन कागदांतली रक्कम आणि तारीख वेगळी पडणार नाही.

आणि समासातले नाव दोन बैठकांनंतरही कोरेच राहिले, कारण खर्च कोणी करायचा यावर बिल्डर आणि सोसायटी यांच्यात वाद आहे, तर सूचना सुधारणे थांबवावे. तो वाद करारनामा पाहून वकिलाने सोडवायचा आहे. तोवर फलकावर एवढेच लिहावे: ‘गळतीचा खर्च कोणी करायचा हे अजून ठरलेले नाही. समिती वकिलांचा सल्ला घेत आहे. तोपर्यंत सेक्रेटरी रोज संध्याकाळी पंपरूम पाहतील.’